पाकिटावरचा पोषणतक्ता: किती सर्व्हिंग आणि टक्के कशाचे?

अमेरिकेत नव्याने आलेल्या मराठी कुटुंबात कुणाला ना कुणाला ही चाचणी गाठतेच. मुलांना शाळेत हेल्थच्या तासाला, एखाद्या आईला प्रौढांच्या इंग्रजीच्या वर्गात, कम्युनिटी कॉलेजात पोषणाचा पहिला विषय घेणाऱ्याला तर हमखास. खाण्याच्या पाकिटावरचा काळ्या चौकटीतला तक्ता छापलेला असतो, वर ठळक अक्षरांत ‘न्यूट्रिशन फॅक्ट्स’, आणि खाली पाच-सहा प्रश्न. गणित चौथी-पाचवीचं असतं. तरी चांगली शिकलेली माणसं इथे चुकतात, आणि त्या चुका गुणाकारात क्वचितच असतात. तक्त्यातला आकडा नेमका किती खाण्याचा आहे आणि टक्केवारी कशाची आहे, हे न पाहता पेन्सिल चालवली की उत्तर बिघडतं.

या प्रश्नांचा उपयोग शाळेपुरता नाही. २००५ साली अमेरिकेत डॉक्टरांसाठी ‘न्यूएस्ट व्हायटल साइन’ नावाची एक छोटी चाचणी तयार झाली. रुग्णाच्या हाती आइस्क्रीमच्या डब्यावरचा तक्ता द्यायचा, सहा प्रश्न विचारायचे आणि आरोग्याची लेखी माहिती त्याला कितपत वापरता येते याचा अंदाज घ्यायचा, अशी ती पद्धत. तेव्हा दवाखान्यात कुणी आइस्क्रीमचा कागद पुढे केला तर गोंधळू नका.

आपण एकच तक्ता घेऊन शेवटपर्यंत जाऊ. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन, म्हणजे एफडीए, लोकांना समजावण्यासाठी गोठवलेल्या लझान्याचा नमुना वापरतं. लझान्या म्हणजे पास्त्याच्या रुंद पट्ट्या, सॉस आणि चीज यांचे थर लावून भाजलेला इटालियन पदार्थ. अनेक प्रश्नपत्रिकांत हाच किंवा याच्यासारखाच तक्ता येतो. त्यातल्या आपल्या कामाच्या ओळी अशा:

४ सर्व्हिंग्ज पर कंटेनर
सर्व्हिंग साइझ: १ कप (२२७ ग्रॅम)
कॅलरीज: २८०
टोटल फॅट: ९ ग्रॅम, १२%
— सॅच्युरेटेड फॅट: ४.५ ग्रॅम, २३%
— ट्रान्स फॅट: ० ग्रॅम
कोलेस्टेरॉल: ३५ मिलिग्रॅम, १२%
सोडियम: ८५० मिलिग्रॅम, ३७%
टोटल कार्बोहायड्रेट: ३४ ग्रॅम, १२%
— डाएटरी फायबर: ४ ग्रॅम, १४%
— टोटल शुगर्स: ६ ग्रॅम
—— त्यात ॲडेड शुगर्स: ० ग्रॅम, ०%
प्रोटीन: १५ ग्रॅम
कॅल्शियम: ३२० मिलिग्रॅम, २५%

पहिली पायरी: वरच्या दोन ओळी

प्रश्न वाचण्याआधी वरच्या दोन ओळींवर बोट ठेवा. डब्यात चार सर्व्हिंग आहेत आणि एक सर्व्हिंग म्हणजे एक कप, वजनाने २२७ ग्रॅम. यापुढे तक्त्यात जे जे छापलंय ते एका सर्व्हिंगचं आहे. २८० कॅलरी एका कपाच्या, ८५० मिलिग्रॅम सोडियम एका कपाचं, ३७ टक्केसुद्धा एका कपाचेच. पूर्ण डब्याचा एकही आकडा इथे नाही. ‘एका डब्यात किती कॅलरी?’ या प्रश्नाला २८० लिहिणं ही या चाचणीतली सगळ्यात जास्त होणारी चूक असावी, आणि बहुपर्यायी प्रश्नात २८० हा पर्याय मुद्दाम ठेवलेला असतो.

सर्व्हिंग साइझवर एक खरं-खोटं प्रश्न नेहमी येतो: सर्व्हिंग साइझ म्हणजे तुम्ही जेवढं खायला हवं तेवढं प्रमाण. हे खोटं. कायद्याने सर्व्हिंग साइझ ठरते ती लोक एका वेळी साधारण किती खातात-पितात यावरून. तो सल्ला नव्हे. म्हणूनच २०१६ मध्ये तक्त्याचं स्वरूप बदललं तेव्हा आइस्क्रीमची सर्व्हिंग अर्ध्या कपावरून दोन-तृतीयांश कपावर गेली आणि सोड्याची ८ औंसांवरून १२ औंसांवर. लोकांनी जास्त खावं असं कुणाला वाटत नव्हतं. लोक जास्त खात होते, म्हणून आकडा वाढला.

कप आणि ग्रॅम या दोन्हींपैकी प्रश्नात जे दिलं असेल त्याच मापात राहा. लझान्याचा एक कप २२७ ग्रॅम भरतो, पण नाश्त्याच्या एखाद्या सिरियलचा दोन-तृतीयांश कप ५५ ग्रॅमच भरतो. त्यामुळे एका पदार्थाचा कप-ग्रॅम हिशोब दुसऱ्याला लावायचा नाही, आणि ‘एक कप म्हणजे २४० मिलिलिटर, म्हणजे २४० ग्रॅम’ असं पाण्यासारखं गणित तर मुळीच नाही. कपाचं वजन त्या तक्त्यातच कंसात दिलेलं असतं.

दुसरी पायरी: गुणक काढा आणि समासात लिहा

प्रश्नात माणसाने किती खाल्लं ते कुठल्या ना कुठल्या रूपात सांगितलेलं असतं. त्यावरून किती सर्व्हिंग झाल्या हा एकच आकडा काढायचा. मी त्याला गुणक म्हणते. तो समासात लिहून ठेवा आणि मगच तक्त्यातल्या ओळीकडे जा.

खाल्लेलं प्रमाण तीन प्रकारांनी सांगतात. कधी मापाने: ‘दोन कप खाल्ले’. सर्व्हिंग एक कपाची, म्हणून गुणक २. कधी डब्याच्या हिश्श्याने: ‘अर्धा डबा खाल्ला’. डब्यात चार सर्व्हिंग, त्यातल्या निम्म्या, म्हणून पुन्हा गुणक २. इथे घाईत अर्धा हाच गुणक धरला जातो आणि १४० कॅलरी असं उत्तर येतं. खरं उत्तर ५६०. कधी वजनाने: ‘३४० ग्रॅम खाल्ले’. ३४० ला २२७ ने भागा, साधारण दीड येतं, म्हणून गुणक १.५ आणि कॅलरी ४२०.

आपल्या तक्त्यात सर्व्हिंग नेमकी एक कप असल्याने काम सोपं झालंय. ती दोन-तृतीयांश कप असेल तेव्हा खरी परीक्षा. समजा एका सिरियलची सर्व्हिंग दोन-तृतीयांश कप आणि कॅलरी २३०, आणि प्रश्न आहे, ‘दोन कप खाल्ले तर किती?’ इथे २ ने गुणून ४६० लिहिणारे पुष्कळ. पण दोन कपांत दोन-तृतीयांश किती वेळा मावतं ते पाहायचं आहे. दोन कप म्हणजे सहा तृतीयांश, एका सर्व्हिंगला दोन तृतीयांश, म्हणजे तीन सर्व्हिंग. उत्तर ६९०. अपूर्णांकाच्या भागाकारात अडखळत असाल तर असं तुकडे मोजून करा, नियम आठवत बसू नका.

गुणक काढला की तो त्या ओळीतल्या प्रत्येक गोष्टीला लागतो: कॅलरी, ग्रॅम, मिलिग्रॅम आणि टक्के. पूर्ण डब्याला गुणक ४, म्हणून कॅलरी १,१२०, सॅच्युरेटेड फॅट १८ ग्रॅम, सोडियम ३,४०० मिलिग्रॅम. सोडियमची टक्केवारी १४८. उत्तर शंभराच्या वर गेलं म्हणून खोडू नका. एका दिवसाच्या मर्यादेच्या जवळजवळ दीडपट मीठ त्या डब्यात आहे, एवढाच त्याचा अर्थ.

काही पाकिटांवर दोन स्तंभ असतात, एक ‘पर सर्व्हिंग’ आणि दुसरा ‘पर कंटेनर’. एकदम संपवता येईल आणि थोडं-थोडं करूनही खाता येईल अशा आकाराच्या पाकिटांवर ते सापडतात. तिथे गुणाकार कंपनीनेच करून दिलेला आहे. तुम्ही फक्त योग्य स्तंभात उतरायचं. चुकीच्या स्तंभातला आकडा उचलून त्याला पुन्हा गुणणं ही तिथली खास चूक.

तिसरी पायरी: टक्के कशाचे

उजवीकडचा स्तंभ म्हणजे ‘परसेंट डेली व्हॅल्यू’. टोटल फॅटपुढे १२% दिसलं की बहुतेकांना वाटतं लझान्यात १२ टक्के चरबी आहे. तसं नाही. २२७ ग्रॅमच्या कपात चरबी ९ ग्रॅम, म्हणजे वजनाने चार टक्केच भरेल. हे १२ टक्के आहेत एका दिवसाच्या ठरीव आकड्याचे. एफडीएने प्रत्येक घटकासाठी दिवसाचा एक आकडा ठरवून दिला आहे, चरबीसाठी तो ७८ ग्रॅम. ९ भागिले ७८ म्हणजे ११.५, पूर्णांकात १२.

प्रत्येक घटकाचा शंभर टक्क्यांचा आकडा वेगळा आहे, म्हणून स्तंभातले टक्के एकमेकांत मिळवून शंभर होत नाहीत आणि व्हायलाही नकोत. ‘सगळे टक्के मिळवा’ असा विचार मनात आला की थांबा. तुम्ही दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देताय.

सुरुवातीच्या चाचण्यांत लागणारे शंभर टक्क्यांचे आकडे थोडेच आहेत: टोटल फॅट ७८ ग्रॅम, सॅच्युरेटेड फॅट २० ग्रॅम, कोलेस्टेरॉल ३०० मिलिग्रॅम, सोडियम २,३०० मिलिग्रॅम, कार्बोहायड्रेट २७५ ग्रॅम, फायबर २८ ग्रॅम, ॲडेड शुगर्स ५० ग्रॅम, कॅल्शियम १,३०० मिलिग्रॅम. पाठ केले तर उत्तम, पण गरज क्वचित पडते, कारण तक्त्यातूनच ते काढता येतात. ८५० मिलिग्रॅम म्हणजे ३७ टक्के, तर १०० टक्के किती? ८५० ला ०.३७ ने भागा: २,२९७. जवळचा गोल आकडा २,३००. मूळ टक्केवारी पूर्णांकात छापलेली असल्याने असा थोडा फरक येणारच.

पाठ केलेल्या आकड्यांचा एक धोकाही आहे. शाळांमध्ये अजून जुने कागद फिरतात. २०१६ च्या बदलापूर्वीच्या तक्त्यांत चरबीचा दिवसाचा आकडा ६५ ग्रॅम, सोडियमचा २,४००, कार्बोहायड्रेटचा ३०० आणि फायबरचा २५ होता. तक्त्यात ‘कॅलरीज फ्रॉम फॅट’ अशी ओळ दिसली, किंवा खाली व्हिटॅमिन ए आणि सीची टक्केवारी असून ॲडेड शुगर्सची ओळच नसली, की तो कागद जुना समजा. तिथे १३ ग्रॅम चरबीपुढे २०% लिहिलेलं असेल आणि ते त्या तक्त्यापुरतं बरोबरच आहे. नव्या आकड्याने हिशोब करून १७% लिहाल तर गुण जाईल. नियम सरळ आहे: समोरच्या तक्त्यात जे छापलंय त्याच्यावरच उत्तर द्या.

‘हा पदार्थ सोडियममध्ये जास्त आहे की कमी?’ या प्रश्नासाठी एफडीएचाच एक ठोकताळा आहे. एका सर्व्हिंगला ५ टक्के किंवा त्याहून कमी असेल तर कमी, २० टक्के किंवा त्याहून अधिक असेल तर जास्त. ३७ टक्के, म्हणून जास्त. फॅट १२ टक्के, म्हणजे ना कमी ना जास्त. मधल्या पट्ट्याला या नियमात नाव नाही आणि पर्यायांत ‘जास्त’ दिलंय म्हणून ते उचलायचं नाही. हा नियम लावताना गुणक वापरायचा नाही हे लक्षात असू द्या. तो एका सर्व्हिंगसाठीच आहे. आणि ‘जास्त’ म्हणजे नेहमी वाईट असंही नाही. सॅच्युरेटेड फॅट, सोडियम आणि ॲडेड शुगर्स शंभराच्या आत ठेवायचे असतात. फायबर, कॅल्शियम, लोह, पोटॅशियम, व्हिटॅमिन डी यांच्यात शंभरापर्यंत पोचायचा प्रयत्न करायचा असतो. आपल्या लझान्याचं कॅल्शियम २५ टक्के आहे, आणि ते त्याच्या जमेच्या बाजूला पडतं.

दोन उत्तरं निघतात तेव्हा

इथे एक बारीक गोष्ट आहे. ती माहीत नसली की मुलं रडकुंडीला येतात. प्रश्न: दोन कप लझान्यातून टोटल फॅटची किती टक्के डेली व्हॅल्यू मिळते? छापील टक्के दुप्पट केले तर १२ गुणिले २, म्हणजे २४. ग्रॅमवरून काढलं तर १८ भागिले ७८, म्हणजे २३. दोन्ही रीती बरोबर, उत्तरं वेगळी.

कारण वर आलंच आहे. एका सर्व्हिंगचे खरे टक्के ११.५ च्या आसपास होते, ते वर ओढून १२ छापले. दुप्पट करताना आपण तो ओढलेला अर्धा टक्काही दुप्पट केला. एफडीएने स्वतः दोन सर्व्हिंगचा स्तंभ मांडताना ग्रॅमवरून काढलेला आकडा, म्हणजे २३, दिला आहे. सोडियमला हा फरक पडत नाही, कारण ८५० भागिले २,३०० हे जवळजवळ नेमकं ३७ च आहे, आणि दोन सर्व्हिंगला दोन्ही रीतींनी ७४ येतात.

मग चाचणीत काय लिहायचं? प्रश्नात दिवसाचे आकडे दिलेले नसतील तर परीक्षकाने छापील टक्क्यांना गुणणंच अपेक्षित धरलेलं असतं, तेव्हा २४. ‘७८ ग्रॅमच्या आधारे’ असं काही दिलं असेल तर २३. पर्यायांत दोन्ही असणं दुर्मीळ. असले तर प्रश्नाची भाषा पुन्हा वाचा. लेखी उत्तर असेल तर एका ओळीत रीत दाखवा, म्हणजे तपासणाऱ्याला तुमचा आकडा कुठून आला ते दिसेल.

हाच गोलावलेला आकडा शून्याच्या बाबतीत जास्त फसवतो. ट्रान्स फॅट एका सर्व्हिंगला अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी असेल तर तक्त्यात ० छापायला परवानगी आहे. चाचणीत पूर्ण डब्याचं ट्रान्स फॅट विचारलं तर ० गुणिले ४, उत्तर ०, आणि तेच लिहा. पण स्वयंपाकघरात त्या शून्यावर पूर्ण भरवसा ठेवू नका.

चौथी पायरी: उलटे प्रश्न

काही प्रश्न खाल्लेल्यावरून टक्के विचारत नाहीत, उरलेलं विचारतात. ‘एक कप लझान्या खाल्ल्यावर दिवसभरात सोडियमची किती डेली व्हॅल्यू शिल्लक राहते?’ १०० वजा ३७, म्हणजे ६३ टक्के. मिलिग्रॅममध्ये विचारलं तर २,३०० वजा ८५०, म्हणजे १,४५०. कुठल्या एककात विचारलंय त्याखाली रेघ ओढा. गणित बरोबर आणि एकक चुकीचं अशी उत्तरं फार असतात.

‘मर्यादा न ओलांडता जास्तीत जास्त किती पूर्ण सर्व्हिंग खाता येतील?’ २,३०० ला ८५० ने भागलं तर २.७ येतात. नेहमीच्या सवयीने तीन लिहाल, पण तीन सर्व्हिंगला २,५५० मिलिग्रॅम होतात, मर्यादा ओलांडली. इथे खालीच उतरायचं: दोन.

डॉक्टरांनी वेगळी मर्यादा दिलीय असा प्रश्न आला की उजवा स्तंभ हाताने झाकून टाका. ‘एका रुग्णाला दिवसाला १,५०० मिलिग्रॅम सोडियमच चालतं. एका कपात त्याच्या मर्यादेचा किती भाग जातो?’ छापील ३७ टक्के २,३०० चे आहेत. या माणसाला ते लागू नाहीत. ८५० भागिले १,५००, म्हणजे सुमारे ५७ टक्के. आपल्याकडे रक्तदाब असलेले आई-वडील सहा महिन्यांसाठी इकडे येतात तेव्हा हा प्रश्न परीक्षेपुरता राहत नाही.

कॅलरींचंही तसंच. तक्त्यात कॅलरीपुढे टक्के छापलेलेच नसतात. तळटीपेत २,००० कॅलरींचा उल्लेख असतो, तो सर्वसाधारण सल्ल्यासाठीचा आकडा. ‘२,००० कॅलरींच्या आहारात एका कपाने किती टक्के भागतात?’ असं विचारलं तर २८० भागिले २,०००, म्हणजे १४. ‘अमुक माणूस २,५०० कॅलरी खातो’ असं असेल तर भागायचं २,५०० ने, आणि उत्तर ११ च्या जवळ.

रिकाम्या जागा आणि आत सरकलेल्या ओळी

लझान्याच्या तक्त्यात तीन ठिकाणी टक्के नाहीत: ट्रान्स फॅट, टोटल शुगर्स आणि प्रोटीन. पहिल्या दोघांसाठी दिवसाचा आकडा ठरवलेलाच नाही. प्रोटीनचा आकडा आहे, ५० ग्रॅम, पण कंपनीने ‘प्रोटीनयुक्त’ असा दावा केला किंवा पदार्थ चार वर्षांखालच्या मुलांसाठी असेल तरच टक्के छापणं बंधनकारक असतं. त्यामुळे रिकामी जागा म्हणजे ० टक्के नव्हे. हा फरक विचारणारा प्रश्न जवळपास प्रत्येक संचात असतो.

ओळ जितकी आत सरकलेली, तितकी ती वरच्या ओळीच्या पोटातली. सॅच्युरेटेड फॅटचे ४.५ ग्रॅम टोटल फॅटच्या ९ मध्ये आलेले आहेत, ९ अधिक ४.५ असं करायचं नाही. ॲडेड शुगर्स टोटल शुगर्समध्ये आणि टोटल शुगर्स कार्बोहायड्रेटमध्ये. एखाद्या गोड दह्यावर टोटल शुगर्स १५ ग्रॅम आणि त्यात ॲडेड शुगर्स ७ ग्रॅम असं लिहिलेलं असेल तर एकूण साखर १५ च, २२ नव्हे. दुधाची आपली, म्हणजे मुळातली साखर ८ ग्रॅम, हे मात्र वजाबाकीने काढता येतं, आणि नेमकं तेच विचारतात.

एक गुंतागुंतीचा प्रश्न सोडवून पाहू

‘लझान्याचा एक डबा उघडला. दुपारी आईने दीड कप खाल्ला. उरलेला रात्री दोन मुलांनी सारखा वाटून घेतला. एका मुलाच्या वाट्याला सोडियमची किती टक्के डेली व्हॅल्यू आली? आणि आईने किती कॅलरी खाल्ल्या?’

वरच्या दोन ओळी: चार सर्व्हिंग, प्रत्येकी एक कप, म्हणजे डब्यात एकूण चार कप. आईचे दीड गेले, उरले अडीच. दोघांत वाटले तर प्रत्येकी सव्वा कप. मुलाचा गुणक १.२५, आईचा १.५. हे दोन आकडे समासात लिहिले की निम्मं काम झालं. आता सोडियमची ओळ: ३७ गुणिले १.२५, म्हणजे ४६.२५, म्हणून सुमारे ४६ टक्के. मिलिग्रॅमने ताळा करा: ८५० गुणिले १.२५ म्हणजे १,०६२.५, त्याला २,३०० ने भागलं की पुन्हा ४६. आईच्या कॅलरी: २८० गुणिले १.५, म्हणजे ४२०.

आणखी एक ताळा आहे, तो मला जास्त आवडतो. सगळ्यांचे गुणक मिळवा: १.५ अधिक १.२५ अधिक १.२५, बरोबर ४. डब्यातल्या सर्व्हिंगही चार. बेरीज जुळली नाही तर वाटणीत कुठेतरी चूक आहे, पुढचं काही करण्याआधी तिथे परत जा.

भारतातलं पाकीट हातात आलं तर

मुलं घरातल्या पाकिटावर सराव करतात आणि घरात पुण्याहून आणलेला चिवडा असतो. भारतीय तक्त्याची मांडणी वेगळी आहे. भारताचं अन्नसुरक्षा प्राधिकरण, म्हणजे एफएसएसएआय, याच्या २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार पोषणमूल्यं मुख्यतः १०० ग्रॅम किंवा १०० मिलिलिटरमागे देतात, आणि टक्के देतात ते एका सर्व्हिंगमागे, आरडीए म्हणजे दिवसाच्या शिफारशीच्या प्रमाणात. म्हणजे एकाच तक्त्यात दोन मापं. १०० ग्रॅमच्या स्तंभातला सोडियमचा आकडा आणि शेजारचे सर्व्हिंगचे टक्के यांची जोडी लावून दिवसाचा आकडा काढायला गेलात तर काहीतरी भलतंच येईल. आधी सर्व्हिंगचे ग्रॅम शोधा. सर्व्हिंग ३० ग्रॅमची असेल तर १०० ग्रॅमच्या आकड्याला ०.३ ने गुणा, मगच टक्क्यांशी ताडून पाहा.

दिवसाचे आकडेही तिथे वेगळे आहेत. २,००० कॅलरींचा आधार तोच, ॲडेड शुगर्स ५० ग्रॅम हेही तेच, पण फॅट ६७ ग्रॅम, सॅच्युरेटेड फॅट २२ ग्रॅम आणि सोडियम २,००० मिलिग्रॅम. त्यामुळे आपला ८५० मिलिग्रॅम सोडियमचा कप अमेरिकन तक्त्यात ३७ टक्के, तर भारतीय हिशोबाने साडेबेचाळीस. अमेरिकेतल्या इंडियन ग्रोसरीच्या दुकानात कधीकधी एकाच पाकिटावर छापील भारतीय तक्ता आणि वर चिकटवलेला अमेरिकन तक्ता असे दोन्ही सापडतात. अमेरिकन चाचणीसाठी सराव करायचा असेल तर चिकटवलेला घ्या.